स्टार्टअपचं सल्लागारपद सोडताना: कोणता हिस्सा तुमचा, कोणता नाही, आणि तोंड किती दिवस बंद ठेवायचं

पुण्या-मुंबईच्या स्टार्टअपच्या वेबसाइटवर हल्ली 'आमचे सल्लागार' असं एक पान हमखास असतं. त्यावर निवृत्त इंजिनिअर असतात, डॉक्टर असतात, बँकेतले जुने अधिकारी असतात, इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक असतात. बहुतेकांना पगार नसतो. त्याऐवजी 'कंपनीत अर्धा टक्का' असं काहीतरी ठरलेलं असतं. वर्ष-दीड वर्षाने तब्येत, वेळ, मतभेद किंवा दुसरं काम यामुळे पद सोडायची वेळ येते आणि तिथे दोन प्रश्न अडतात. अर्ध्या टक्क्यातलं माझं नेमकं किती झालं? आणि मला जे माहीत आहे ते मी यापुढे कुठे बोलू शकतो, कुठे नाही?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच करारपत्रात असतात, पण ती एकमेकांवर अवलंबून नसतात. हिस्सा मोजण्याचं घड्याळ पद सोडल्याच्या दिवशी थांबतं. गोपनीयतेचं घड्याळ त्या दिवशी थांबत नाही. ही दोन घड्याळं एकच समजली की भांडण ठरलेलं.

सल्लागार म्हणजे संचालक नव्हे

संचालक मंडळ ही कायद्याने ठरवलेली गोष्ट आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात संचालकाची कर्तव्यं लिहिलेली आहेत. त्याने राजीनामा दिला की कंपनीला 30 दिवसांत डीआयआर-12 हा फॉर्म भरून कंपनी निबंधकाला कळवावं लागतं. सल्लागार मंडळाचं तसं काहीच नसतं. कायद्याच्या दृष्टीने सल्लागार हा कंपनीशी करार केलेला बाहेरचा माणूस. त्याच्या येण्याजाण्याची सरकारदरबारी नोंद होत नाही.

म्हणूनच करारपत्राला एवढं महत्त्व येतं. संचालकाच्या बाबतीत कागदात जे राहून गेलं ते कायदा भरून काढतो. सल्लागाराच्या बाबतीत कागदात नसलेली गोष्ट नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं. 'संस्थापक मला तोंडी म्हणाले होते' हे वाक्य वकिलांच्या ऑफिसात रोज ऐकू येतं आणि त्याचा क्वचितच उपयोग होतो.

व्हेस्टिंग म्हणजे काय

ठरलेला हिस्सा पहिल्याच दिवशी हातात पडत नाही. जसजसा काळ जातो तसतसा तो थोडाथोडा तुमचा होतो. याला व्हेस्टिंग म्हणतात. घरी दुधाचा रतीब असतो तसंच हे आहे. कॅलेंडरवर जेवढ्या दिवसांच्या खुणा, तेवढंच दूध घरात आलेलं. महिन्याच्या मध्यात रतीब बंद केला तर उरलेल्या दिवसांचं दूध 'ठरलं होतं' म्हणून मागता येत नाही. ते आलेलंच नसतं.

यात एक अट बहुधा जोडलेली असते, तिला क्लिफ म्हणतात. सुरुवातीचा ठरावीक काळ, सल्लागारांसाठी बरेचदा तीन महिने, पूर्ण केल्याशिवाय काहीच मिळत नाही. तो पूर्ण झाला की मागचे सगळे हप्ते एकदम जमा होतात. म्हणजे अडीच महिन्यांनी सोडणाऱ्याच्या हाती शून्य, आणि तीन महिन्यांनी सोडणाऱ्याच्या हाती तिन्ही महिन्यांचं.

अमेरिकेत फाउंडर इन्स्टिट्यूटने तयार केलेला 'फास्ट' नावाचा नमुना करार सल्लागारांसाठी खूप वापरला जातो. त्यात दोन वर्षांचं महिनेवारी व्हेस्टिंग असतं आणि तीन महिन्यांच्या क्लिफची सोय असते. आपल्याकडच्या कित्येक संस्थापकांनी तोच नमुना उचलला आहे. पण उचलताना एक गोष्ट बघायची राहून जाते, आणि पद सोडताना तीच नडते.

भारतात सल्लागाराला इसॉप मिळत नाही

कर्मचाऱ्यांना जे शेअर-पर्याय, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क, मिळतात त्यांना इसॉप म्हणतात. भारतीय खासगी कंपनीला असे पर्याय फक्त आपल्या किंवा आपल्या गटातल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आणि संचालकांना देता येतात. त्यातही स्वतंत्र संचालक वगळलेले आहेत. बाहेरचा सल्लागार या व्याख्येत बसत नाही. मेहनतीच्या किंवा ज्ञानाच्या मोबदल्यात दिले जाणारे स्वेट इक्विटीचे शेअरही कायद्याने संचालक आणि कर्मचाऱ्यांसाठीच आहेत. त्यामुळे भारतीय कंपनीने सल्लागाराला 'तुम्हाला इसॉप दिले' असं पत्र दिलं असेल, तर त्या पत्राचा पायाच कच्चा आहे.

मग सल्लागाराकडे असतं काय? सहसा दोनपैकी एक. पहिला प्रकार फँटम युनिटचा, म्हणजे कागदावरचे शेअर. प्रत्यक्षात शेअर कुणाच्या नावावर होत नाहीत. पुढे कंपनी विकली गेली किंवा बाजारात नोंदली गेली, की शेअरची किंमत जेवढी वाढली तेवढी रक्कम युनिटच्या हिशेबाने रोख मिळते. दुसरा प्रकार खऱ्या शेअरचा. ते सुरुवातीलाच सल्लागाराच्या नावावर होतात, पण पद लवकर सोडलं तर व्हेस्ट न झालेले शेअर परत द्यायची अट असते. याला उलटं व्हेस्टिंग म्हणतात.

राजीनाम्याचं पत्र लिहायच्या आधी आपलं यातलं काय आहे ते करारात शोधा. 'इक्विटी' हा शब्द दोन्हीकडे सारखाच वापरतात, पण सोडल्यावर पुढे जे होतं ते अगदी वेगळं असतं.

एक उदाहरण आकड्यांसकट

समजा, पुण्यातल्या एका शीतगृह-तंत्रज्ञानाच्या स्टार्टअपने निवृत्त रेफ्रिजरेशन इंजिनिअर असलेल्या कुलकर्णी काकांना सल्लागार केलं. (उदाहरण काल्पनिक आहे.) करार 1 एप्रिल 2024 चा. 4,800 फँटम युनिट, 24 महिन्यांत दरमहा 200, क्लिफ तीन महिन्यांचा. कंपनीचे एकूण शेअर तेव्हा 10 लाख, म्हणजे ठरलेला हिस्सा 0.48 टक्के. पहिला हप्ता 1 मे 2024 चा धरायचा, पण क्लिफमुळे 1 जुलै 2024 ला पहिले 600 युनिट एकदम जमा झाले. त्यानंतर दर महिन्याच्या 1 तारखेला 200.

काकांनी 20 जून 2025 ला ईमेलने राजीनामा दिला. करारात 30 दिवसांची नोटीस आहे. आता हिशेब 20 जूनला थांबवायचा की 20 जुलैला? 20 जून धरला तर 1 जूनपर्यंतचे 14 हप्ते, म्हणजे 2,800 युनिट. 20 जुलै धरला तर 1 जुलैचा पंधरावा हप्ताही आला, म्हणजे 3,000. करारात 'सेवा संपल्याची तारीख' असे शब्द असतील तर बहुधा नोटीस संपल्याची तारीख लागू होते. पण कंपनीने 'नोटीसची गरज नाही, आजपासूनच मोकळे' असं उत्तर दिलं आणि काकांनी 'धन्यवाद' म्हणून टाकलं, तर पंधरावा हप्ता त्या एका शब्दात गेला.

200 युनिट क्षुल्लक वाटतील. पण युनिटची मूळ किंमत 100 रुपये ठरली असेल आणि चार वर्षांनी कंपनी 400 रुपये शेअरने विकली गेली, तर प्रत्येक युनिटमागे 300 रुपये मिळतात. 3,000 युनिटचे 9 लाख, 2,800 चे 8 लाख 40 हजार. एका तारखेने 60 हजारांचा फरक पडला. मिळणाऱ्या रकमेवर कर लागतो, तो वेगळा.

उरलेले 1,800 युनिट रद्द होतात. फँटम युनिट असल्यामुळे परत द्यायला काही नसतंच, फक्त हिशेबातली ओळ मिटते. टक्केवारीचंही इथेच बघून घ्या. दरम्यान नवी गुंतवणूक येऊन कंपनीचे शेअर साडेबारा लाख झाले असतील, तर काकांचे 3,000 युनिट म्हणजे 0.24 टक्के. 'अर्ध्या टक्क्यातले पंधरा महिन्यांचे, म्हणजे 0.3 टक्के' हा त्यांच्या मनातला हिशेब चुकतो, कारण करार युनिटचा होता, टक्क्यांचा नव्हता. टक्केवारी कायम ठेवण्याचं कलम सल्लागारांच्या करारात सहसा नसतं.

खरे शेअर असतील तर काम वाढतं

उलट्या व्हेस्टिंगमध्ये 1,800 शेअर आपोआप नाहीसे होत नाहीत. ते काकांच्या नावावर असतात आणि काढून घ्यावे लागतात. कंपनीला स्वतःचेच शेअर मनात आलं म्हणून विकत घेता येत नाहीत, त्यावर कायद्याची बंधनं आहेत. म्हणून चांगल्या करारात 'संस्थापक किंवा ते सांगतील ती व्यक्ती हे शेअर दर्शनी किमतीला घेईल' अशी सोय असते. कायद्याच्या व्याख्येतल्या छोट्या कंपन्या सोडल्या तर खासगी कंपन्यांनाही आता शेअरचं हस्तांतरण डीमॅटमधूनच करावं लागतं. त्यामुळे काकांचं डीमॅट खातं चालू हवं आणि हस्तांतरणाची सूचना त्यांच्या सहीने किंवा ओटीपीने जायला हवी.

कराची खोच इथे आहे. बाजारमूल्यापेक्षा फार कमी किमतीला शेअर घेणाऱ्याला मधला फरक उत्पन्न धरून कर लागू शकतो. म्हणून कधीकधी संस्थापकच हे हस्तांतरण लांबवतात, वर्षभर काही हलत नाही, आणि मग एक दिवस नवा गुंतवणूकदार विचारतो की हे 1,800 शेअर कुणाचे. तेव्हा घाईघाईत काकांना फोन जातो. आधी सीएला विचारून निघण्याच्या वेळीच हे उरकणं दोघांच्याही सोयीचं.

अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीचे सल्लागार असाल तर तिथे शेअर-पर्याय सल्लागारालाही मिळतात. पण व्हेस्ट झालेले पर्याय सोडल्यापासून ठरावीक मुदतीत, बहुधा 90 दिवसांत, पैसे भरून शेअरमध्ये बदलावे लागतात. मुदत चुकली तर व्हेस्ट झालेलंही जातं. बे एरियातल्या मराठी मंडळींनी निघायच्या आधी ही एक ओळ करारात जरूर शोधावी.

'मी आणलेला ग्राहक नंतर पक्का झाला, मग तो वाटा माझा नाही का?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त मनापासून येतो आणि त्यात तथ्यही असतं. काकांनी ओळख करून दिलेली नाशिकची द्राक्ष निर्यातदार कंपनी ते गेल्यावर तीन महिन्यांनी मोठी ऑर्डर देते. पण महिनेवारी व्हेस्टिंग काळ मोजतं, फळ मोजत नाही. करारात 'अमुक ग्राहक आला की इतके युनिट' असं काम-निगडित कलम असेल तरच दावा उभा राहतो. नसेल तर राजीनाम्यापूर्वी बोलून ते लिहून घेता येतं, नंतर ते फक्त संस्थापकाच्या चांगुलपणावर राहतं. मोठं काम पूर्ण होत आलं असेल तर 'उरलेल्यापैकी इतके युनिट व्हेस्ट झाले असं धरा' ही मागणी अगदी रास्त आहे, आणि पुष्कळ कंपन्या ती मान्यही करतात.

व्हेस्ट झालेल्याला नक्की हात लागत नाही ना?

इथे मी वाचकाला थोडं थांबवेन. दोन कलमं शोधा. एक म्हणजे फँटम युनिटचे पैसे फक्त 'त्या वेळी सल्लागार असलेल्यालाच' मिळतील असं कलम. ते असेल तर पद सोडल्यावर व्हेस्ट झालेल्या 3,000 युनिटलाही काही अर्थ उरत नाही. दुसरं म्हणजे गैरवर्तन किंवा करारभंग झाला तर व्हेस्ट झालेलंही रद्द, असं कलम. या दुसऱ्या कलमामुळेच हिस्सा आणि गोपनीयता हे दोन वेगळे धागे एकमेकांत गुंतू शकतात. गुपित फोडल्याचा आरोप सिद्ध झाला, तर नुकसानभरपाईच्या आधी हातचे युनिट जातात.

गोपनीयता: पद गेलं तरी उरतं ते

करारात गोपनीयतेची मुदत दिलेली असते. सर्वसाधारण माहितीसाठी दोन ते पाच वर्षं, आणि व्यापारी गुपितांसाठी ती गुपित राहतील तोवर, अशी मांडणी नेहमी दिसते. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये 289 व्या अहवालात तसा कायदा करण्याची शिफारस केली आहे. तोपर्यंत न्यायालयं करार आणि विश्वासभंगाची जुनी तत्त्वं यांवरच निकाल देतात.

'म्हणजे मी दुसऱ्या कंपनीला सल्लाच द्यायचा नाही?' तसं नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 सांगतं की माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. करार संपल्यानंतरही बांधून ठेवणारी अट टिकत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं. त्याच्या जुन्या व्यवस्थापन कंपनीला करार संपल्यानंतर त्याच्यावर हक्क सांगायचा होता, तो न्यायालयाने मानला नाही.

पण काम करायची मोकळीक आणि गुपित वापरायची मोकळीक या दोन गोष्टी आहेत, आणि हा फरक आपल्या कल्याणच्या एका जुन्या प्रकरणात स्वच्छ दिसतो. सेंच्युरी कंपनीने तिथे टायरसाठीचा धागा बनवण्याचा कारखाना परदेशी कंपन्यांच्या तंत्रज्ञानावर उभारला होता. एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर होता. तो 1964 मध्ये मधेच सोडून राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1967 मध्ये निकाल लागला. दुसरीकडे तेच काम करण्यावरची बंदी फक्त मूळ कराराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे 15 मार्च 1968 पर्यंत होती. कारखान्यातली माहिती उघड करण्यावरची बंदी मात्र त्या काळात आणि त्यानंतरही होती. एकाच आदेशात दोन घड्याळं, एक थांबणारं आणि एक चालू राहणारं.

काय गुपित आणि काय आपली विद्या

कुलकर्णी काकांना शीतगृहाच्या कॉम्प्रेसरबद्दल चाळीस वर्षांत जे कळलं ते त्यांचं आहे. ते कुठेही वापरावं. या स्टार्टअपने द्राक्षांसाठी कोणत्या तासाला किती तापमान ठेवून विजेचं बिल कमी केलं, त्याचं कोष्टक मात्र कंपनीचं. कोणत्या ग्राहकाला कोणता दर, पुढची गुंतवणूक कोण करणार, कोणता संस्थापक कंटाळलाय, हेही कंपनीचंच. आधीपासून माहीत असलेलं, जाहीर झालेलं, दुसरीकडून रीतसर कळलेलं आणि न्यायालयाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या आदेशाने सांगावं लागणारं, एवढं बहुतेक करारांत वगळलेलं असतं.

प्रत्यक्षात गुपित फुटतं ते दुष्टपणामुळे कमी आणि फोनमुळे जास्त. सल्लागारांचा व्हॉट्सॲप ग्रुप तसाच राहतो. गुगल ड्राइव्हचं फोल्डर शेअर केलेलं राहतं. गुंतवणूकदारांसाठीचं सादरीकरण डाउनलोडमध्ये पडून असतं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या संस्थापकाला 'असं बनवा' म्हणून तेच पाठवलं जातं. नेमका हाच क्षण नंतर पुरावा म्हणून समोर येतो, कारण फाइलवर तारीख असते. निघताना ग्रुप सोडा, फोल्डरचा प्रवेश कंपनीकडून काढून घ्या, फाइली पुसा, आणि पुसल्याचं लेखी कळवा. वेबसाइटवरचं आणि सादरीकरणातलं तुमचं नावही काढायला सांगा. नाहीतर तुमचं नाव बघून कुणीतरी पैसे गुंतवतं आणि मग विचारायला तुमच्याकडे येतं.

'हिस्सा बुडवला तर मी का गप्प बसू?'

राग समजण्यासारखा आहे, पण कायद्यात हे समीकरण बसत नाही. हिश्शाचा वाद हा पैशांचा दावा आहे, तो वकिलामार्फत किंवा करारात असेल तर लवादापुढे नेता येतो. गुपित फोडलं की तुमच्या दाव्यासमोर कंपनीचा प्रतिदावा उभा राहतो, आणि वर पाहिलेल्या कलमामुळे उरलेले युनिटही धोक्यात येतात. स्वतःच्या वकिलाला, सीएला करार दाखवणं हा गोपनीयतेचा भंग धरला जात नाही, पण करारात तसा उल्लेख आहे ना ते बघून घ्यावं.

पत्रात काय लिहायचं

लांब लिहू नका. हा मजकूर पुरतो:

'मी 1 एप्रिल 2024 च्या करारानुसार सल्लागारपदाचा राजीनामा देत आहे. नोटीस धरून माझी सेवा 20 जुलै 2025 रोजी संपेल. माझ्या हिशेबाने त्या दिवशी 3,000 युनिट व्हेस्ट झालेले असतील आणि 1,800 रद्द होतील. सेवा संपल्यानंतरही व्हेस्ट झालेले युनिट करारातल्या अटींनुसार कायम राहतील, याची कृपया लेखी पुष्टी करावी. कंपनीची कागदपत्रं मी त्या तारखेपर्यंत परत करीन वा नष्ट करीन. कराराच्या गोपनीयतेच्या कलमाचं पालन मी त्यातल्या मुदतीपर्यंत करत राहीन.'

उत्तरादाखल कंपनी बरेचदा 'निर्गमन करार' पाठवते. त्यात खाली कुठेतरी 'यापुढे माझा कंपनीवर कोणताही दावा नाही' असं वाक्य असतं. त्या वाक्यातून व्हेस्ट झालेले 3,000 युनिट स्पष्टपणे वगळून घेतल्याशिवाय सही करू नका. नवी, जास्त लांबीची गोपनीयतेची मुदत त्यात गुपचूप घातली आहे का, तेही जुन्या कराराशी ताडून बघा.

आणि कंपनीच बंद पडली तर?

बहुतेक सल्लागारांना वाटतं की कंपनी गेली म्हणजे गोपनीयताही गेली. हिश्शाच्या बाबतीत शेवट सहसा असाच होतो. कर्ज देणाऱ्यांची देणी भागवून काही उरलं तरच शेअरधारकांना मिळतं, आणि फँटम युनिटवाल्याला मिळायला किंमत वाढलेली असावी लागते, जी बंद पडणाऱ्या कंपनीत नसते. पण कंपनीचं तंत्रज्ञान ही मालमत्ता असते. ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कुणीतरी विकत घेऊ शकतं, आणि त्यासोबत ते गुप्त ठेवून घेण्याचा हक्कही नव्या मालकाकडे जाऊ शकतो. द्राक्षांच्या तापमानाचं कोष्टक ज्याने पैसे मोजून घेतलं, तो काकांना नोटीस पाठवू शकतो, जरी काकांनी त्या माणसाचं नाव कधी ऐकलेलं नसलं तरी.